ग्रुप प्रोजेक्टचा पीअर इव्हॅल्युएशन फॉर्म द्यायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

सगळ्यात पहिलं काम म्हणजे फॉर्म प्रोजेक्ट सुरू होतानाच पोरांना दाखवायचा, सबमिशनच्या आदल्या दिवशी नाही. कोणत्या गोष्टीवर आपले ग्रुपमेट आपल्याला मार्क देणार हे सुरुवातीला कळलं तर वागण्यात फरक पडतो, शेवटी कळलं तर फक्त भांडणं होतात. आणि एकदा नाही, दोनदा भरून घ्यायचा, अर्ध्यावर एकदा बिनमार्कांचा आणि शेवटी एकदा मार्कांचा. अर्ध्यावरच्या फॉर्ममधून कोण मागे पडतंय ते कळतं आणि तेव्हा सुधारायला वेळ असतो.

आता प्रश्न, खरी मेहनत इथेच आहे. "याने चांगलं काम केलं का, १ ते ५" असा प्रश्न ठेवला की सगळे सगळ्यांना ५ देऊन मोकळे होतात, कारण चांगलं म्हणजे काय हे कुणी ठरवलेलंच नसतं. त्यापेक्षा डोळ्यांना दिसलेलं वागणं विचारायचं: ठरलेलं काम ठरलेल्या तारखेला दिलं का, दिलेलं काम तसंच वापरता आलं की दुसऱ्या कुणाला परत करावं लागलं, मीटिंगला येता येणार नसेल तर आधी कळवलं का, दुसऱ्याचं काम अडलं तेव्हा मदत केली का. असे चार-पाच पुरेत, पंधरा प्रश्न ठेवले तर शेवटचे दहा कुणी वाचत नाही. प्रत्येक नंबरला अर्थ लिहायचा, म्हणजे ५ ला "वेळेत दिलं, दुरुस्ती लागली नाही", ३ ला "मागे लागल्यावर दिलं", १ ला "दुसऱ्याने करून टाकलं". त्याखाली एक मोकळी जागा, या व्यक्तीने केलेलं एक ठोस काम लिहा. मित्राला फुकट ५ देणारा इथे अडकतो, कारण लिहायला काही सापडत नाही. आणि अजून एक प्रश्न मी कधीच सोडत नाही, "रिपोर्टमध्ये दिसत नाही असं कुठलं काम कुणी केलं?"

रेटिंगसोबत पॉइंट वाटून द्यायला लावायचे. समजा चौघांचा ग्रुप आहे, प्रत्येकाकडे ३० पॉइंट, ते बाकीच्या तिघांत वाटायचे, स्वतःला काही नाही. बेरीज ३० च व्हायला हवी, म्हणजे एकाला जास्त दिले की दुसऱ्याचे आपोआप कमी होतात. समजा अ ला एकूण ३३ मिळाले, ब ला ३२, क ला ३३ आणि ड ला २२. सरासरी ३० येते, तर ज्याचे त्याचे पॉइंट भागिले ३०, हा त्याचा गुणक. अ आणि क चा १.१, ब चा साधारण १.०७, ड चा ०.७३. प्रोजेक्टला ५० पैकी ४० मिळालेत असं धरू. पूर्ण ४० ला गुणक लावला तर ड थेट २९ वर येतो, म्हणून मी अर्धेच मार्क गुणकाला देते, २० सगळ्यांना सारखे आणि उरलेल्या २० ला गुणक. मग अ आणि क ला ४२, ब ला ४१, ड ला ३५ च्या आसपास. फरक दिसतो पण कुणाचं वर्ष बुडत नाही. हे गणित फॉर्मवरच एक उदाहरण घेऊन लिहून टाकायचं.

पण ड चे २२ आले म्हणून लगेच मार्क कापायचे नाहीत. आधी बघायचं, तिघांनीही ७-८ दिलेत का एकानेच २ देऊन बाकी दोघांनी १० दिलेत, कारण एकाच्याच रागाने आकडा पडला असेल तर तो वेगळा विषय आहे. मग मोकळ्या जागेतलं वाचायचं, शेअर केलेल्या फाइलची व्हर्जन हिस्टरी उघडायची. तीसुद्धा अर्धीच गोष्ट सांगते बरं का, कारण सर्व्हेसाठी लोकांना फोन करत बसलेला मुलगा फाइलमध्ये कुठेच दिसत नाही आणि सगळ्यांचं टायपिंग एकट्याने केलेली मुलगी सगळीकडे दिसते. म्हणून तो न दिसणाऱ्या कामाचा प्रश्न. तरी शंका राहिली तर ड ला बोलावून दहा मिनिटं बोलायचं, कोणी काय लिहिलंय ते न सांगता.

सगळ्यांनी सगळ्यांना १०-१० दिले असतील तर दोन शक्यता, खरंच सारखं काम झालंय किंवा आधीच ठरवून भरलंय. ठोस कामाच्या रकान्यात चौघांची उत्तरं शब्दाला शब्द सारखी असली की दुसरी समजायची. म्हणून फॉर्म वर्गातच, एकाच वेळी, ज्याचा त्याने भरायचा, घरी न्यायचा नाही.

गुप्तता नीट सांगायची: नाव मला दिसेल, ग्रुपला दिसणार नाही. तिघांच्या ग्रुपमध्ये मात्र कोणी किती दिले ते सहज ओळखता येतं, तिथे पॉइंट सोडून द्यायचे आणि फक्त प्रश्न ठेवून प्रत्येकाशी वेगळं बोलायचं. शेवटी मार्क लावायच्या आधी दोन दिवस हरकत घ्यायला द्यायचे, आणि हरकत लेखीच घ्यायची, कुठल्या कामाबद्दल आहे ते नाव घेऊन.