नवीन सिमचा नंबर आधीच दुसऱ्याच्या अकाउंटला जोडलेला असेल तर काय करायचं

नवीन सिम घेतलं, चालू झालं, ॲप उघडून नंबर टाकला आणि स्क्रीनवर आलं `This mobile number is already registered`. बऱ्याच जणांना पहिली शंका येते की कुणीतरी आपला नंबर हॅक केलाय. तसं नसतं. नंबर नवीन नसतो, फक्त आपल्यासाठी नवीन असतो. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळ बाजूला ठेवते आणि मग दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते. नंबर बंद झाल्यावर किमान ९० दिवस तो कुणाला देत नाहीत, हे २०२३ मध्ये ट्रायने सुप्रीम कोर्टात सांगितलं होतं. आधीच्या माणसाने त्याच नंबरवर शॉपिंग, जेवण मागवायचं ॲप, गॅस बुकिंग असं कायकाय उघडलेलं असतं, आणि त्या ॲपवाल्यांना नंबर बदलल्याचं कुणी कळवत नाही.

आपल्या गोव्यात तर हे समजायला अजून सोपं आहे. घरटी नाही तरी वाड्यावर एक-दोन जण बोटीवर असतातच. प्रीपेड सिम घरात कपाटात पडून राहतं, ९० दिवस वापर नाही आणि बॅलन्सही नाही तर कंपनी ते बंद करू शकते, त्यावर अजून ९० दिवस गेले की नंबर दुसऱ्याला द्यायला मोकळा. म्हणजे सहा-नऊ महिन्यांचं काँट्रॅक्ट संपवून माणूस घरी येईपर्यंत त्याचा नंबर पेडण्यातल्या कुणाच्या तरी खिशात वाजत असू शकतो.

आता काय करायचं ते क्रमाने बघू.

पहिलं, मेसेज नीट वाचा आणि घरात विचारा

नंबर "आधीच रजिस्टर आहे" आणि नंबर "खूप वेळा वापरला गेलाय" हे दोन वेगळे मेसेज आहेत. दुसरा आला तर त्या नंबरवर अकाउंट उघडायची मर्यादा संपलेली असते, तिथे दुसरा नंबर वापरणं हाच साधा मार्ग. पहिला आला तर आधी घरात विचारा. बाबांनी तुमच्या नंबरवर विजेच्या बिलाचं अकाउंट उघडलं असेल, किंवा तुम्हीच कॉलेजात असताना उघडून विसरला असाल. नंबर बरीच वर्षं तुमच्याचकडे असेल तर शक्यता हीच जास्त, मग `Forgot password` दाबून आत जायचं आणि विषय संपला.

आणखी एक होतं, ते फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही. काही जुन्या साइटवर नंबर टाकताना ओटीपी मागतच नव्हते, कुणीतरी स्वतःचा नंबर लिहिताना एक आकडा चुकवला आणि तो तुमचा निघाला. तो नंबर त्या अकाउंटवर नुसता लिहिलेला असतो, तपासलेला नसतो. अशा वेळी तुम्ही ओटीपी देऊन नंबर सिद्ध केलात की तुमचं पारडं जड होतं आणि बऱ्याच ठिकाणी तो जुन्या अकाउंटवरून आपोआप निघतो.

दुसरं, ओटीपीने नक्की काय सिद्ध होतं ते समजून घ्या

सगळा घोळ इथेच आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. ओटीपी आला आणि तुम्ही तो टाकला म्हणजे एवढंच सिद्ध झालं की या क्षणी या नंबरवर आलेला मेसेज तुम्ही वाचू शकता. सिम कुणाच्या नावावर आहे हे त्यातून कळत नाही आणि ते अकाउंट कुणी उघडलं हे तर अजिबातच कळत नाही. सिम कुणाच्या नावावर आहे हे टेलिकॉम कंपनीच्या केवायसीत असतं. अकाउंट कुणाचं हे ॲपवाल्याकडच्या ईमेल, पासवर्ड, जुन्या ऑर्डरी आणि पैशाच्या व्यवहारांतून ठरतं. म्हणजे तुमच्या केसमध्ये नंबर तुमचा आहे, अकाउंट दुसऱ्याचं आहे, आणि ॲपवाल्याकडे मागायचंय ते इतकंच की दोन्ही वेगळं करा.

माझ्या भाचीचं उदाहरण घ्या, ती साखळीला राहते. डिचोलीच्या बाजारातून सिम घेतलं, एका शॉपिंग ॲपमध्ये नंबर टाकला, तर ॲपने साइन-अप न करता सरळ लॉगिनचा ओटीपी पाठवला. तिने टाकला. आत बघते तर वर दुसऱ्याच बाईचं नाव, वास्कोचा पत्ता, जुन्या ऑर्डरींत लहान मुलाचे डायपर, आणि वॉलेटमध्ये थोडे पैसे. तिने मला फोन केला, "मामा, हे नाव बदलून माझं टाकू का, पत्ता पण बदलते." मी म्हटलं, "काही हात लावू नकोस बाय, आधी बाहेर ये." नाव-पत्ता बदलला असता तर त्या बाईचं अकाउंट गेलं असतं, वॉलेटमधले पैसे वापरले असते तर ती सरळसरळ दुसऱ्याच्या पैशाची उचल, आणि उद्या ती बाई ईमेलने आत शिरून पासवर्ड बदलेल तेव्हा भाचीचा पत्ता आणि ऑर्डरी तिच्या हातात. चुकून आत गेलात तर फक्त लॉगआउट करा. स्क्रीनशॉट काढायचाच तर "आधीच रजिस्टर आहे" या मेसेजचा काढा, आतल्या माहितीचा नको.

काही ॲपमध्ये ओटीपीनंतर "हे तुमचं अकाउंट आहे का" असं विचारतात आणि नवीन अकाउंट उघडायचा पर्याय देतात. तो दिसला तर तोच निवडा, जुन्या अकाउंटवरून नंबर निघतो आणि तुम्हाला कोरं अकाउंट मिळतं. भाचीच्या ॲपमध्ये तो नव्हता, म्हणून कस्टमर केअरला लिहावं लागलं.

तिसरं, कस्टमर केअरला काय लिहायचं

लोक लिहितात "माझं अकाउंट उघडत नाही", आणि मग समोरचा पासवर्ड रीसेट करायची लिंक पाठवत बसतो. मागणी स्पष्ट हवी. आम्ही ॲपच्या हेल्पमधून असं लिहिलं होतं:

"हा मोबाइल नंबर मी नवीन घेतला आहे. तो तुमच्याकडे आधीच्या ग्राहकाच्या अकाउंटला जोडलेला दिसतो. ते अकाउंट माझं नाही आणि त्यातली माहिती मला नको. कृपया नंबर त्या अकाउंटवरून काढावा म्हणजे मला नवीन अकाउंट उघडता येईल. नंबर माझ्याकडे असल्याचा पुरावा म्हणून तुमच्या ॲपमध्ये ओटीपी टाकून दाखवायला तयार आहे."

सिम कधी सुरू झालं ती तारीख पण टाका. तिचा उपयोग मोठा असतो, कारण जुनी ऑर्डर त्या तारखेच्या आधीची असेल तर तपासणाऱ्याला लगेच कळतं की मालक बदललाय. ओटीपी ॲपमध्ये किंवा त्यांच्या साइटवरच टाकायचा, फोनवर बोलून सांगायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

उत्तर आलं नाही तर ॲपच्या किंवा साइटच्या तळाशी तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो, `Grievance Officer` म्हणून, तिथे तोच मजकूर पाठवा. ऑनलाइन दुकानांना २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याच्या आत तक्रार सोडवावी लागते. तरी हललं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

चौथं, सिम तुमच्याच नावावर आहे ना ते बघा

काही ठिकाणी ओटीपीवर भागत नाही, कागद मागतात. तेव्हा कळतं की सिम दुकानदाराने काकांच्या आधारवर दिलं होतं. म्हणून आधीच बघून ठेवा. `sancharsaathi.gov.in` वर जा, `Know Mobile Connections in Your Name` निवडा, नंबर आणि ओटीपी टाका, त्या नावावरच्या सगळ्या नंबरांची यादी येते. यादीत घरातल्या दुसऱ्याच कुणाचे नंबर दिसले तर सिम त्यांच्या नावावर आहे, टेलिकॉम कंपनीच्या स्टोअरमध्ये दोघांनी जाऊन नाव बदलून घ्या. अजिबात ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच `Not My Number` दाबून कळवता येतं.

पुरावा म्हणून पोस्टपेडचं बिल चालतं, प्रीपेडवाल्यांना कंपनीच्या ॲपमधलं नाव आणि नंबर एकत्र दिसणारं पान. आधार मागितलंच तर मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि ते फक्त त्यांच्या अधिकृत फॉर्ममधून. सोशल मीडियावर तक्रार केली की कस्टमर केअरच्या नावाने खोटी अकाउंट मेसेज करायला लागतात, त्यांना कागद पाठवू नका.

व्हॉट्सॲपचं थोडं वेगळं आहे

तिथे नंबर हेच अकाउंट, त्यामुळे सहा आकडी कोड टाकला की नंबर तुमच्या फोनवर येतो. जुनं अकाउंट ४५ दिवस बंद असेल आणि नंबर दुसऱ्या फोनवर चालू झाला तर आधीच्या माणसाचा फोटो आणि माहिती व्हॉट्सॲप काढून टाकतं. जुन्या गप्पा तुम्हाला दिसत नाहीत, त्या त्याच्या फोनमध्ये होत्या. पण त्याच्या ग्रुपमधले लोक "कुठं हास रे" विचारत बसतात, त्यांना एकदा सांगून ग्रुप सोडा. कधीकधी कोडनंतर पिन मागतं जो तुम्ही ठेवलाच नव्हता, तो आधीच्या माणसाने ठेवलेला असतो. अंदाजाने टाकत बसू नका, ७ दिवस थांबलं की तो रीसेट करता येतो.

त्याच्या बँकेचे मेसेज तुम्हाला आले तर

हा भाग खरंच जपून हाताळायचा. बँकेचं नाव बघून त्या बँकेच्या शाखेत किंवा अधिकृत नंबरवर कळवा की हा नंबर आता तुमच्या खातेदाराचा नाही. बंद झालेल्या नंबरांची यादी वापरून खात्यांवरचे नंबर तपासा असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय, तरी एखादं खातं राहून जातं. आणि कुणी फोन करून म्हणालं की "तो माझा जुना नंबर, ओटीपी आलाय तेवढा सांगा", तर सांगायचा नाही. तो खरंच आधीचा मालक असेलही, पण फोनवरून तुम्हाला ते कळायला मार्ग नाही, आणि कोणास ठाऊक तो ओटीपी तुमच्याच खात्याचा असेल. त्याला बँकेत पाठवा, तिथे सही, आधार, पासबुक दाखवून तो नंबर बदलू शकतो.

घरातलं कुणी बोटीवर किंवा गल्फला निघत असेल तर जायच्या आधी बँक, ईमेल आणि यूपीआयवरचा नंबर घरच्या चालू असलेल्या नंबराशी जुळवून घ्या किंवा त्या सिमवर लांब मुदतीचं रिचार्ज टाका, आणि मध्येमध्ये घरच्यांनी ते सिम फोनमध्ये घालून एखादा कॉल करा म्हणजे वापर दिसत राहील.