कानाची स्लाइड वाचताना या चुका टाळा: यीस्ट की बॅक्टेरिया?

पाऊस सुरू झाला की आमच्या दवाखान्यात मान झटकणाऱ्या कुत्र्यांची रांग लागते. त्यातले निम्मे तरी लॅब आणि कॉकर असतात. दरवर्षी नवे ज्युनिअर डॉक्टर येतात आणि दरवर्षी तेच वाक्य ऐकवतात, "मॅडम, वासावरूनच कळतंय, यीस्ट आहे." नाक मलाही आहे. पण आंबूस वास आणि तपकिरी मळ असलेल्या कानातही कॉकाय, म्हणजे गोल बॅक्टेरिया, निघतात, आणि एकाच कानात दोन्हीही निघतात. स्लाइड करायला दहा मिनिटं लागत नाहीत. तेवढा धीर नसेल, तर मग अँटिबायोटिक, अँटिफंगल आणि स्टेरॉइड एकत्र असलेले ड्रॉप्स लिहून द्यायचे आणि तीन आठवड्यांनी तोच कुत्रा पुन्हा टेबलावर बघायचा.

सगळ्यात जास्त राग येतो तो एकाच कानाचा स्वॅब घेण्याचा. आमच्याकडे मुलुंडहून एक काकू त्यांचा पाच वर्षांचा लॅब घेऊन येतात, त्याला ब्रूनो म्हणू. उजव्या कानात भरपूर तपकिरी मळ होता. डाव्या कानाला हात लावला की तो गुरगुरायचा, म्हणून आमच्या ज्युनिअरने फक्त उजव्याचा स्वॅब घेतला. स्लाइड सुरेख होती. दर फील्डमध्ये बारा-पंधरा मॅलॅसेझिया, म्हणजे कानातलं नेहमीचं यीस्ट, भुईमुगाच्या शेंगेसारखे, जांभळे, एका टोकाला फुटवा आलेले. न्यूट्रोफिल, म्हणजे पुवातली पांढरी पेशी, एकही नाही. निदान अगदी बरोबर होतं, फक्त ते उजव्या कानाचं होतं. अँटिफंगल ड्रॉप्स दोन्ही कानांत सुरू झाले.

दहाव्या दिवशी काकू आल्या त्या रागावूनच. उजवा कान छान कोरडा झालेला. डाव्यातून पिवळट हिरवा, दाट, घाण वासाचा स्राव येत होता आणि कानाची नळी सुजून जवळजवळ बंद झाली होती. या वेळी डाव्याची स्लाइड मी स्वतः केली. न्यूट्रोफिलचा नुसता खच पडला होता, आणि त्यांच्या पोटात रॉड्स, म्हणजे काडीसारखे लांबट बॅक्टेरिया. एकच कुत्रा, पण दोन कानांत दोन वेगळे आजार. तो गुरगुरत होता तेच खरं तर सांगत होता, की हा कान जास्त दुखतोय, आधी हा बघा.

रॉड्स दिसले की सगळे लगेच "स्यूडोमोनास" म्हणून मोकळे होतात. आपला रोजचा झटपट स्टेन ग्रॅम पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोघांनाही निळंच रंगवतो, त्यामुळे त्यावरून जंतूचं नाव कळत नाही. रॉड्स प्रोटिअसचे असू शकतात, ई. कोलायचे असू शकतात, कोरिनेबॅक्टेरियमचेही असू शकतात. कॉकाय आणि यीस्टच्या पहिल्या वेळच्या साध्या कानाला मी जंतू वाढवून ओळखायला कल्चर पाठवत नाही. रॉड्स आणि सोबत न्यूट्रोफिल असले, तर पाठवते. ब्रूनोच्या कल्चरमध्ये स्यूडोमोनासच आला, आणि जेंटामायसिनला दाद न देणारा.

त्याला आधी काही दिवस तोंडावाटे प्रेडनिसोलोन दिलं, कारण सूज उतरल्याशिवाय पडदा दिसणारच नव्हता. मग भूल देऊन कोमट सलाइनने कान धुतला. पू राहिला तर काही अँटिबायोटिक्स त्यातच निकामी होतात, म्हणून धुणं हा उपचाराचाच भाग आहे. पडदा शाबूत होता. नसता, तर कानाला बाधणारी औषधं आणि क्लोरहेक्सिडिनची वॉश मी त्या कानात घातलीच नसती. त्यानंतर घरी रोज आधी ट्रिस-ईडीटीएने कान भरायचा, पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग कल्चरप्रमाणे निवडलेलं अँटिबायोटिक घालायचं. उजव्या कानाचं अँटिफंगल वेगळं चालू. काकूंना दोन बाटल्यांवर मार्करने "डावा" आणि "उजवा" लिहून दिलं.

माझी दुसरी खास चीड म्हणजे स्टेनची बरणी, आणि यात गुन्हेगार मी स्वतः आहे. एका जुलैत आठवडाभर मला प्रत्येक कानात रॉड्स दिसत होते. खाज नसलेल्या, गुलाबी, स्वच्छ कानातसुद्धा. मुंबईच्या दमटपणाला दोष देऊन झाला, कुत्र्यांच्या पोहण्याला देऊन झाला. शेवटी एक कोरी करकरीत स्लाइड बरण्यांमधून बुडवून काढली आणि बघितली. तिच्यावरही रॉड्स! निळ्या स्टेनच्या बरणीत जंतूंची वसाहतच झाली होती. कानाचे तेलकट नमुने आणि त्वचेचे, पोटाचे वगैरे सगळे आम्ही एकाच बरणीत बुडवायचो आणि स्टेन कमी झाला की वरून ओतून भरायचो. आता कानासाठी बरण्यांचा वेगळा संच आहे, स्टेन पूर्ण ओतून, बरणी धुऊन, कोरडी करूनच नवा भरतो, आणि पावसाळ्यात दर सोमवारी एक कोरी स्लाइड बुडवून बघितली जाते.

त्यानंतर माझी एक सवय पडली. जंतू दिसले की आधी विचारायचं, हे कुणाचे आहेत? न्यूट्रोफिलच्या आत असतील तर शंकाच नाही. स्लाइडभर सारखे पसरलेत, पेशींच्या वर वेगळ्या फोकसला तरंगतायत, तर स्टेनवर संशय घ्या. काळ्या कातडीच्या कुत्र्यात मेलॅनिनचे दाणे हुबेहूब कॉकायसारखे दिसतात, पण ते निळे नसतात, तपकिरी असतात. बारीक फोकस थोडा हलवा, रंग कळतो. आकाराचा गोंधळ असेल तर एवढं लक्षात ठेवा, की यीस्ट कॉकायच्या चार-पाच पट मोठं असतं.

मोजण्याबद्दल थोडंसं. मी १० च्या लेन्सने पेशी असलेली जागा शोधते, मग ४० ने दहा फील्ड मोजते. ४० ची लेन्स उघड्या स्लाइडवर धुरकट दिसते, त्यामुळे एक थेंब ऑइल टाकून वर कव्हरस्लिप ठेवते. सरासरी दोनपर्यंत यीस्ट आणि पाचपर्यंत बॅक्टेरिया निरोगी कानातही सापडतात. यीस्ट पाच किंवा जास्त, बॅक्टेरिया पंचवीस किंवा जास्त असले, तर मी ते खरं धरते. मधल्या आकड्यांना कान बघून ठरवते. लाल, दुखरा कान असेल तर उपचार, नाहीतर नुसती सफाई. आकडा बघून कुत्र्याकडे न बघणारे ज्युनिअरही मला भेटलेत.

बाकीच्या चुका थोडक्यात. ड्रॉप्स घालून आणलेल्या किंवा आधीच पुसलेल्या कानाचा स्वॅब खोटं बोलतो. स्वॅब स्लाइडवर घासू नका, लाटण्यासारखा फिरवा, घासलं की न्यूट्रोफिल फुटतात. माइट्स शोधायचे असतील तर वेगळी स्लाइड लिक्विड पॅराफिनमध्ये, ४ च्या लेन्सखाली. आणि लॅबच्या कानात दोन थेंब घालणं म्हणजे विहिरीत चमचाभर पाणी, कानाची नळी खाली जाऊन आत वळते. मी बिनसुईच्या सिरिंजने जवळजवळ एक मिली घालायला सांगते.

वास गेला की औषध बंद, हे घरोघरी चालतं. ब्रूनोचंही तेच होणार होतं. चौदाव्या दिवशी डावा कान बघायला छान होता, काकू म्हणाल्या, "आता पुरे ना?" स्लाइडवर न्यूट्रोफिल कमी झाले होते, रॉड्स मात्र होते. पुढच्या दोन आठवड्यांनीही थोडे होते. सहाव्या आठवड्यात नुसत्या कॉर्नफ्लेक्ससारख्या मेलेल्या पेशी दिसल्या, तेव्हा औषध थांबवलं. त्याच दिवशी टेबलावर बसल्या बसल्या तो पुढचा पंजा चाटत होता, बोटांमधले केस लाळेने तांबूस झालेले. मग मुळाशी अॅलर्जी असेल या संशयाने काकूंना बसवून गेल्या वर्षभरात तो काय काय खातो याची यादी करायला घेतली.