जन्मवेळ माहीत नसताना पत्रिका जुळवता? या चुका टाळा

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या पत्रिकांवर एक नवीनच थाट दिसतो. जन्मवेळ सेकंदांपर्यंत छापलेली असते, आणि ती कुठून आली असे विचारल्यावर घरची माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. एकाची वेळ पक्की आणि दुसऱ्याची अंदाजाची असेल तर पत्रिका जुळवता येत नाही असे मुळीच नाही, परंतु ज्या क्रमाने हे काम करायला हवे तो क्रम सोडून लोक थेट वेळशुद्धीकडे, म्हणजे घटनांवरून किंवा सूत्रावरून जन्मवेळ नेमकी करण्याकडे, धावतात, आणि तिथूनच बहुतेक घोटाळे सुरू होतात.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे साक्ष न तपासता तिला वेळ समजणे. दोन वर्षांपूर्वी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील एका घरातून मुलीची पत्रिका माझ्याकडे आली. तीवर जन्मवेळ होती सकाळी ६ वाजून ३८ मिनिटे १२ सेकंद. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, वृश्चिक; नक्षत्र हस्त, रास कन्या. मुलाची वेळ इस्पितळाच्या कागदावरून घेतलेली, त्यामुळे पक्की; नक्षत्र पुष्य, रास कर्क. गुण अठ्ठाविसाच्या आसपास जमत होते, साखरपुड्याची बोलणी चालू होती, आणि माझ्याकडून केवळ मुहूर्त हवा होता. बारा सेकंदांचे कौतुक वाटून मी विचारले तेव्हा कळले की आधीच्या ज्योतिषाने आजीला विचारून सकाळची साडेसहाची वेळ धरली होती आणि मुलीच्या नोकरीच्या तारखेवरून ती 'शुद्ध' करून दिली होती. आजीची साक्ष एका वाक्याची होती, "पोदेर दारांत आशिल्लो." पाववाला दारात होता, एवढेच.

आता गोव्यात राहणाऱ्या माणसाला हे सांगायला नको की पोदेर दिवसातून दोनदा येतो. सकाळी येतो तसा संध्याकाळीही येतो, आणि त्याच्या भोंप्याचा आवाज दोन्ही वेळा सारखाच असतो. मी आजीला तेवढेच विचारले, तर तिने क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली की दिवेलागणीला अजून वेळ होता. मग मुलीच्या वडिलांना बोलावले, ज्यांना तोवर कोणी काही विचारलेच नव्हते. ते म्हणाले की त्या दिवशी पहिली पाळी संपवून, साडेतीनच्या सुमारास ते तालुक्याच्या इस्पितळात पोहोचले, तोपर्यंत प्रसूती झालेली नव्हती. मूल पाहून झाल्यावर ते स्कूटरवरून घरी निघाले, अर्ध्या तासाचा रस्ता होता, आणि घराच्या पायरीवर आईला बातमी सांगत असताना पोदेर आला. म्हणजे आजीच्या आठवणीतला पोदेर सकाळचा नव्हता इतकेच नव्हे, तर तो जन्माच्या वेळेचाही नव्हता. तो बातमी पोहोचल्याच्या वेळेचा होता. घरी बसलेल्या माणसाची साक्ष बहुधा अशीच असते. पोदेर पावणेसहाचा धरला, त्यातून रस्त्याचा अर्धा तास आणि इस्पितळात थांबल्याचा कमी-जास्त वेळ वजा केला, तर जन्म साडेचार ते सव्वापाच यांच्या दरम्यान येतो. त्याहून बारीक काही त्या साक्षीतून निघत नाही, आणि काढूही नये.

माझी सवय अशी आहे की साक्ष देणाऱ्याला वेळ विचारायचीच नाही. तुम्ही कुठे होता, कोणी सांगितले, सांगणारा कुठून आला, त्याआधी काय करत होता, एवढेच विचारायचे आणि घड्याळ आपण लावायचे. जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते, हे माहीत असूनही लोक दाखल्याची प्रत घेऊन येतात. त्यापेक्षा आईचा डिस्चार्जचा कागद ट्रंकेच्या तळाशी शोधावा. त्यावर नुसते '५.२०' लिहिलेले असेल आणि सकाळ-संध्याकाळ नसेल, तर तो कागदही आजीइतकाच बोलका समजावा.

दुसरी चूक म्हणजे काय वेळेवर अवलंबून आहे हे न पाहता वेळ शोधत बसणे. छत्तीस गुणांचा सगळा हिशेब चंद्राच्या नक्षत्रावर आणि राशीवर चालतो. लग्नरास त्यात येतच नाही. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण २१ ते २७ तास लागतात, म्हणून बहुतेक दिवशी एकदा नक्षत्र बदलतेच. तारीख माहीत आहे आणि वेळ अजिबात नाही, अशा वेळी त्या दिवसाचे पंचांग उघडून नक्षत्र किती वाजता बदलले ते पाहावे आणि गुणमेलन दोन्ही नक्षत्रांनी करावे. दोन्हीकडून निकाल सारखाच आला, तर गुणांपुरती वेळशुद्धीची गरजच उरत नाही. नवशिके हे पाच मिनिटांचे काम सोडून पाच दिवस घटनांची यादी करत बसतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

या मुलीच्या बाबतीत हस्त दुपारी एकच्या सुमारास संपून चित्रा लागले होते. साडेचार असो वा सव्वापाच, नक्षत्र चित्राच आणि तेही पहिले चरण, म्हणून रास कन्याच राहिली. रास तीच आहे असे ऐकून घरच्यांना हायसे वाटले, पण ते थोडाच वेळ टिकले. हस्ताची आद्य नाडी जाऊन चित्राची मध्य नाडी आली, आणि पुष्याचीही मध्यच. दोघांची नाडी एक झाली, म्हणून नाडीचे आठही गुण गेले. देवगण जाऊन राक्षसगण आला, मुलाचा देवगण, म्हणून तिथले सहापैकी फार तर एक उरला. महिषाच्या जागी व्याघ्र योनी येऊन मुलाच्या मेष योनीशी असलेले तीन गुण एकावर आले. भकूट, ग्रहमैत्री, वर्ण जसेच्या तसे, आणि गंमत म्हणजे तारेचे दीडही तसेच राहिले. बेरीज अठ्ठाविसावरून बारा-तेरावर आली. एक रास आणि दोन नक्षत्रे यांतच नाडीदोषाचा जो परिहार सांगतात तोही येथे लागू नव्हता, कारण मुलाची रास वेगळी होती. हे सगळे ठरवायला वेळशुद्धीचा एक आकडाही लागला नाही.

मग वेळशुद्धीचे काम कुठे उरले? फक्त लग्नराशीपुरते. मार्गशीर्ष लागायला चार-पाच दिवस राहिले होते, सूर्य वृश्चिकेत, त्यामुळे पाच वाजण्याच्या आसपास मेष लग्न संपून वृषभ लागत होते, म्हणजे आपल्या पाऊण तासाच्या बरोबर मध्ये. मंगळ धनु राशीत. मेष लग्न असेल तर तो नववा, दोष नाही. वृषभ असेल तर आठवा, म्हणजे कडक मंगळ. चंद्रापासून तो चौथा होता खरा, पण त्याकडे आमच्याकडील घरे सोयीनुसार पाहतात किंवा काणाडोळा करतात, आणि या घराने काणाडोळा केलेला होता.

येथे तिसरी चूक येते, आणि ती शिकलेल्यांची आहे. वेळशुद्धी म्हणजे एखादे सूत्र लावून मिळणारी अचूक मिनिटे असा त्यांचा समज असतो. कुंद नावाच्या सूत्राचेच उदाहरण घ्या. लग्नाचे अंश ८१ ने गुणायचे आणि येणारे नक्षत्र जन्मनक्षत्राशी किंवा त्याच्या त्रिकोणातील नक्षत्राशी जुळते का ते पाहायचे. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकते, त्याला ८१ ने गुणले की दर सहा मिनिटांनी हे जुळणे पुन्हा येते. पाऊण तासात सात-आठ 'शुद्ध' वेळा मिळतील, त्यांतल्या निम्म्या मेषेत आणि निम्म्या वृषभेत. ज्याने ६ वाजून ३८ मिनिटे काढली, त्याचेही सूत्र कदाचित बिनचूकच असेल. चूक त्याच्या सकाळीत होती.

म्हणून मी घटनांवरच भर देतो, आणि दशेकडून नेमके काय मिळू शकते ते आधी मोजतो. चित्रात जन्म, म्हणून मंगळाची दशा सात वर्षांची. चंद्राने नक्षत्राचा सुमारे सहावा भाग ओलांडला होता, म्हणून जवळजवळ सहा वर्षे शिल्लक. त्यानंतर राहूची अठरा, आणि चोविसाव्या वर्षाच्या सुमारास गुरू. वेळेत पाऊण तासाचा फरक पडला तरी गुरू लागण्याची तारीख फार तर अडीच-तीन महिने हलते. म्हणजे दशेच्या तारखांवरून मेष की वृषभ हे ठरणार नाही. ठरेल तर गुरूने दिलेल्या फळाच्या प्रकारावरून. मेषेला गुरू नवम आणि व्ययाचा स्वामी, वृषभेला अष्टम आणि लाभाचा. मुलगी चोविसाव्या वर्षी आखातात नोकरीला गेली, हे मेषेचे बोलणे. पण पगारही तिपटीने वाढला, आणि लाभेशाचे फळ म्हणून वृषभवालाही ते आपल्याकडे ओढून घेईल. गुरूदशेत आजार, शस्त्रक्रिया, वारशाचा वाद असे अष्टमेशाचे काहीही घडलेले नव्हते, म्हणून माझा कौल मेषेकडे झुकला. झुकला एवढेच, मी कागदावर "मेष, साठ-चाळीस" असे पेन्सिलीने लिहिले. सकाळच्या वेळेने गुरू लागायला अजून पावणेचार वर्षे लागली असती, याच एका गोष्टीने आधीच्या शुद्धीकर्त्याला शंका यायला हवी होती.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. वेळ माहीत नाही म्हणून संगणकात दुपारचे बारा घालून येणारे लग्न खरे समजू नये; तसले लग्न पाहण्यापेक्षा चंद्रकुंडली मांडावी. नावरास काढून गुण जुळवायचे असतील तर ते पाळण्यातले नाव आहे की शाळेतले, हे आधी विचारावे. जन्म बांबोळीच्या इस्पितळात की मूळ गावी यावरून भांडू नये; सगळा गोवा पूर्व-पश्चिम मिळून जेमतेम तीन मिनिटांचा आहे, आणि तुमची वेळ पाऊण तासाने सैल आहे. दोन वेळांपैकी खरी कोणती यासाठी देवाचा प्रसाद लावणारी घरेही मी पाहिली आहेत. सोयरिकीसाठी कुलदेवीला पाकळ्या लावून कौल घ्यावा, ती घराण्याची रीत आहे, पण घड्याळाचा प्रश्न देवीवर टाकणे मला पटत नाही.

आणि जुळणीचा निकाल डोळ्यासमोर ठेवून वेळशुद्धी कधीही करू नये. मी ती करतो तेव्हा दुसऱ्या पक्षाची पत्रिका टेबलावरून उचलून ठेवतो. त्या दिवशी मी दोन्ही घरांना एकत्र बसवून सगळे सांगितले, की नाडी निश्चित एक आहे, मंगळ बहुधा नाही, आणि यातला 'बहुधा' मला पुसता येणार नाही. मुलाची आई बराच वेळ गप्प होती. तिला मुलगी मनापासून आवडली होती. उठताना तिने हळूच विचारले, "भटजी, तो पोदेर सकाळचाच धरला तर नाही का चालणार?" मी पत्रिकेवरची जुनी वेळ खोडली, खाली साडेचार ते सव्वापाच असे लिहिले, आणि कागद तिच्या हातात दिला. पुढच्या रविवारी दोन्ही घरे देवीकडे गेल्याचे मला नंतर कळले.