बाळासाठी काढलेलं अंगावरचं दूध साठवायचंय? आधी फ्रीजचं तापमान मोजा

पंप, बाटल्या, हात धुणं हे सगळं तुम्हाला माहीत आहेच. पहिलं दूध काढायच्या आदल्या दिवशी फ्रीजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणा. मी तो आणला नव्हता. फ्रीजचा डायल ३ वर होता, म्हणजे आत ३ अंश, असं मी धरून चालले. डायलवरचा आकडा तापमान सांगत नाही, थंडाव्याचा जोर सांगतो. दोन दिवसांनी मोजलं तर आत ९ अंश! अकरा बाटल्या मोरीत ओतल्या. एकेक थेंब किती कष्टाने काढला होता ते माझं मला ठाऊक.

तर थर्मामीटर. पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. ४ अंश किंवा कमी हवं. जास्त असेल तर डायल फिरवा आणि पुन्हा रात्रभर थांबून पुन्हा मोजा. फ्रीजमध्ये दूध ४ दिवस टिकतं, पण ही मुदत या ४ अंशांवरच उभी आहे. बाटल्या आत, मागच्या बाजूला ठेवा. दारात अजिबात नको, तिथलं तापमान दर उघडझापीला चढतं.

बाहेर २५ अंशांपर्यंत दूध ४ तास टिकतं. खोली त्याहून गरम असेल तर घड्याळ बघत बसू नका, लगेच फ्रीजमध्ये टाका.

प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ लिहा, काढल्याची, ठेवल्याची नव्हे. सोमवारी सकाळी ८ ला काढलेलं दूध शुक्रवारी सकाळी ८ पर्यंत वापरायचं. तोवर संपणार नाही असं वाटलं तर चौथ्या दिवसाची वाट न बघता आधीच गोठवा.

फ्रीझर उणे १८ वर हवा. तोही मोजायचा, हो, तिथेही थर्मामीटर! ६ महिन्यांच्या आत वापरलेलं उत्तम, १२ महिन्यांपर्यंत चालतं. ६० ते १२० मिलिलीटरच्या पिशव्या करा आणि वर थोडी जागा सोडा, गोठताना दूध फुगतं.

वितळवायचं फ्रीजमध्ये. पूर्ण वितळल्यापासून २४ तास धरा, बाहेर काढल्यापासून नव्हे. रात्री ९ ला फ्रीझरमधून फ्रीजमध्ये ठेवलेली पिशवी सकाळी ९ ला पूर्ण वितळली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ९ पर्यंत. पुन्हा गोठवू नका. मायक्रोवेव्ह नको, दूध कुठे कोमट तर कुठे चटका बसेल इतकं तापतं. वर साय दिसली तर हलकेच फिरवा, ते नासलेलं नाही. बाळाने तोंड लावलेलं दूध २ तासांत संपवा, नाहीतर ओता.

बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा आजारी असेल तर या मुदती धरू नका, डॉक्टरांनी सांगितलेल्याच पाळा.

आणि थर्मामीटर फ्रीजमध्येच राहू द्या. रोज सकाळी बघा.