बिल दुप्पट आलं तेव्हा

महिन्याला १३० युनिटांचं आमचं बिल जुलैत ३०५ युनिटांचं आलं. आधी बिलावरचं रीडिंग मीटरशी ताडून पाहिलं, ते बरोबर होतं.

मग घरातली सगळी बटणं बंद केली, फ्रिजचा प्लगही काढला. तरी मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत होता. मिनिटाला १३ वेळा. मीटरवर ३२०० imp/kWh लिहिलंय, म्हणजे ३२०० लुकलुकींना एक युनिट. १३ × ६० ÷ ३२०० केलं तर तासाला पाव युनिट, महिन्याला १७५. वाढ नेमकी तेवढीच!

मेन स्विच पाडला, दिवा थांबला. म्हणजे वीज मेनच्या पुढे, आमच्याच वायरिंगमध्ये जात होती. एकेक एमसीबी पाडत गेलो. अंगणातल्या दिव्याचा पाडताच लुकलुक बंद. पण बटण तर आधीच बंद होतं! वायरमनने उघडून दाखवलं: बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं. त्यामुळे जमिनीतल्या केबलमध्ये फेज कायम होता आणि सोललेल्या जागेतून ओल्या मातीत उतरत होता. तिथे मुलं अनवाणी खेळतात, या विचाराने अजूनही काटा येतो.

मीटरचीही शंका फेडली. बाकी सगळं बंद ठेवून हजार वॉटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत लावला, मिनिटाला ५१ लुकलुकी आल्या. हिशेबाने ५३ हव्यात; व्होल्टेज कमी असलं की एवढा फरक पडतोच. मीटर ठीक होता.

केबल बदलली, बटण फेजवर घेतलं, आणि वीज जमिनीत गळू लागताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी बसवला. तो आधी असता तर पहिल्याच दिवशी पडला असता.