शांतपणा आणि सुस्ती: तीन गुणांनी मनाची नोंद कशी ठेवावी

सत्त्व, रज आणि तम ही माणसांवर कायमची चिकटवायची नावे नाहीत. 'मी राजसच आहे' असे म्हणणाऱ्याने गीतेच्या चौदाव्या अध्यायातील दहावा श्लोक पुन्हा पाहावा: दोन गुणांना दाबून तिसरा वर येतो आणि ही चढउतार सतत चालू असते. म्हणून नोंद स्वभावाची ठेवू नये, त्या त्या वेळेची ठेवावी.

सकाळी उठल्यावर, दुपारच्या जेवणानंतर तासाभराने आणि रात्री झोपण्यापूर्वी वहीत एकेक ओळ लिहावी. मन हलके व स्वच्छ असेल तर सत्त्व, कशाची तरी ओढ किंवा चुळबुळ असेल तर रज, जड व झाकोळलेले असेल तर तम. सोबत आधीच्या दोन तासांत काय केले तेही लिहावे.

सुरुवात ताटापासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बेळगाव-निपाणीकडे 'गुण' म्हटले की कांदा, लसूण आणि झणझणीत रस्सा यांवरच चर्चा अडते. सतराव्या अध्यायातील आहाराच्या श्लोकांत कांदा-लसणाचे नावही नाही. तिथे अति तिखट, अति उष्ण, शिळे, नासलेले असे वर्णन आहे. आठवडाभराच्या नोंदी हाताशी आल्या की जेवणाचा परिणाम त्यांतच दिसतो.

खरी अडचण पुढे आहे, आणि मलाही ती बराच काळ सुटत नव्हती. रज ओळखणे सोपे असते, कारण ते गडबड करते. तम मात्र पुष्कळदा सत्त्वाच्या वेषात येते. दोघांतही माणूस स्तब्ध असतो, बोलणे कमी होते, हाव दिसत नाही. त्यामुळे सुस्तीला 'वैराग्य' आणि टाळाटाळीला 'सोडून देणे' म्हणता येते. 'डोळे मिटून शांत बसा, सत्त्व वाढेल' असा सरसकट सल्ला देणाऱ्यांचे मी ऐकत नाही, कारण जडत्वात बसलेला माणूस त्याने आणखी जड होतो.

खानापूर तालुक्यातील माझ्या एका परिचितांचे उदाहरण घेतो. वडिलांच्या पश्चात भातशेतीच्या उताऱ्यावर वारसांची नावे लावायची होती. कचेरीतील हेलपाटे आणि कन्नडमधील कागद यांना कंटाळून त्यांनी ते काम सोडले आणि काही महिन्यांनी ते सांगू लागले, "आता जमिनीची ओढच उरली नाही, मन निवांत आहे." अठराव्या अध्यायातील सात ते नऊ हे श्लोक अशाच प्रसंगासाठी उपयोगी पडतात. करणे भाग असलेले काम मोहाने टाकणे तामस, त्रासाच्या भीतीने टाकणे राजस. सात्त्विक त्यागात काम टाकलेलेच नसते, त्यातील आसक्ती आणि फळाची अपेक्षा टाकलेली असते.

मी त्यांना तीन गोष्टी विचारल्या. कोणते कागद जमले आणि कोणते राहिले, हे नीट सांगता येते का? विषय निघाला की तो बदलावासा वाटतो का? निवांत बसून उठल्यावर समोरचे लहानसे काम लगेच हाती घेववते का? सत्त्वाचे लक्षण प्रकाश आहे, म्हणून शांत मनाला सोडलेली गोष्टही स्पष्ट दिसते. त्यांना कागद आठवत नव्हते, विषय नकोसा होता आणि दुपारी पडून उठल्यावर अंग अधिकच जड होत होते. सुरुवातीची माघार त्रासाच्या भीतीने घेतलेली, म्हणजे राजस होती. पुढे ती तमात मुरली.

अशा वेळी तमातून थेट सत्त्वाकडे उडी मारू पाहू नये. सांख्यमताप्रमाणे हालचाल घडवणे हे रजाचे काम आहे, म्हणून आधी रजच जागवावे लागते. त्यांनी ट्रंकेतले कागद काढून यादी केली आणि दुसऱ्या दिवशी भावाशी तावातावाने बोलले. घरच्यांना वाटले, शांतपणा गेला. माझ्या मते ती सुधारणाच होती, कारण जडत्व हलले की पहिल्यांदा चिडचीडच वर येते. ती घाबरून दाबली तर माणूस पुन्हा अंथरुणावर जातो. त्यानंतर रजाला बांध घालावा: एका दिवशी या प्रकरणातले एकच काम करायचे, आणि ते झाले की त्या दिवशी निकालाची चर्चा करायची नाही.

दुपारच्या नोंदीत सलग 'जड' येत असेल तर आधी रात्रीची झोप आणि जेवणाचे प्रमाण तपासावे. मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक बिघडली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. त्या आजाराला तमोगुण म्हणून घरात बसणे धोक्याचे आहे.