छोट्या आयटी सपोर्ट धंद्यासाठी एसएलए लिहिताना: घड्याळ कधी सुरू, कधी थांबतं आणि दंड किती

जळगाव-धुळे पट्ट्यात जे नवीन पोरं एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, धंदा सुरू करतायत त्यांच्यासाठी लिहितोय. दोन-तीन माणसं, एक दुकान, पंधरा-वीस क्लायंट (डाळ मिल, जिनिंग, पतपेढी, हॉस्पिटल), असा ज्यांचा पसारा आहे ते. एसएलए म्हणजे किती वेळात सेवा देणार आणि उशीर झाला तर काय, ह्याचा क्लायंटशी करार. मोठ्या कंपन्यांचे चाळीस पानी करार डाऊनलोड करून त्यात नाव बदलणारे खूप बघितले, त्याचा उपयोग होत नाही कारण त्यातली घड्याळं चोवीस तास माणसं बसवणाऱ्यांची असतात. आपल्याला दोन-अडीच पानं पुरतात, पण त्यात घड्याळ आणि दंड ह्या दोन गोष्टी नीट पाहिजेत, भांडण शेवटी तिथंच होतं.

आधी हे पक्कं करा की वेळा तीन असतात, एक नाही. फोनवर उत्तर द्यायची वेळ, माणूस जागेवर पोचायची वेळ, आणि काम परत चालू व्हायची वेळ. क्लायंट तिन्हीला मिळून "किती वेळात कराल" एवढंच विचारतो आणि आपण घाईत "चार तासात करून देऊ साहेब" म्हणून मोकळे होतो. आता मदरबोर्ड गेला आणि तो मुंबईहून यायला पाच दिवस लागले तर ते चार तास कुठून आणणार? म्हणून पहिल्या दोन वेळा आपल्या हातातल्या आहेत त्या ठामपणे द्यायच्या, आणि तिसऱ्या वेळेत "दुरुस्ती" हा शब्द टाळून "तात्पुरती सोय करून काम चालू" असं लिहायचं. एक स्टँडबाय कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर दुकानात कायम तयार ठेवला तर हे वचन पाळता येतं, नाहीतर तेही देऊ नका. आणि वरच्या कंपनीची वॉरंटी जर नेक्स्ट बिझनेस डे असेल तर आपण त्या पार्टसाठी क्लायंटला त्याच दिवसाचं वचन द्यायचं नाही, वरून जेवढं मिळतं त्यापेक्षा जास्त खाली देता येत नाही.

मग प्रायॉरिटी. दोन-तीन लेव्हल बस, आणि ती "अर्जंट", "महत्त्वाचं" अशा शब्दांत लिहू नका कारण प्रत्येक क्लायंटचं सगळंच अर्जंट असतं. त्या जागेचं नाव घेऊन लिहा. जिनिंगसाठी मी असं लिहितो: "पी वन म्हणजे वजनकाट्याचा कॉम्प्युटर किंवा त्याचा स्लिप प्रिंटर बंद, अथवा टॅली ज्या मशीनवर आहे ते बंद. पी टू म्हणजे ऑफिसातलं इतर एखादं मशीन बंद पण काम दुसऱ्या मशीनवर होऊ शकतं. पी थ्री म्हणजे नवीन युजर, नवीन प्रिंटर जोडणं, अशी कामं." हे वाचून मुनीमजींनाही कळतं की काटा बंद म्हणजे पी वन, आणि मालकाच्या केबिनमधला प्रिंटर बंद म्हणजे पी टू. मालकाला हे आवडत नाही पण सही करताना सांगितलेलं चालतं, नंतर सांगितलेलं चालत नाही.

पोचायची वेळ अंतरावर ठेवा. आम्ही जळगाव शहर आणि एमआयडीसीला दोन तास, भुसावळ, एरंडोल, धरणगाव, जामनेरला तीन, आणि पारोळा, अमळनेर, चोपड्याला चार तास लिहितो. सगळ्यांना सरसकट दोन तास लिहिले की पावसाळ्यात अमळनेरच्या रस्त्यावरच दंड लागून जातो.

आता एक केस पूर्ण सोडवून दाखवतो, म्हणजे घड्याळाचा खेळ कळेल. समजा धरणगावकडची एक जिनिंग आहे. एएमसी महिन्याला 12,000 रुपये, जीएसटी वेगळा. सपोर्टची वेळ सोमवार ते शनिवार सकाळी 10 ते संध्याकाळी 7. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी कापसाच्या गाड्या रात्रीपर्यंत येतात, म्हणून त्या चार महिन्यांसाठी पी वनची वेळ रात्री 10 पर्यंत वाढवलेली, त्याचे महिन्याला 3,000 जास्त. म्हणजे सीझनमध्ये 15,000.

शनिवारी संध्याकाळी 6:10 ला काट्याचा कॉम्प्युटर चालूच होईना. बाहेर गाड्यांची लाईन. काट्यावरच्या माणसाने आपल्या सपोर्टच्या पोराच्या पर्सनल मोबाईलवर फोन केला, "भाऊ, काटा बंद पडी गया, लवकर या", आणि 6:20 ला मुनीमजींनी हेल्पडेस्कच्या व्हॉट्सॲप नंबरवर मेसेज टाकला. घड्याळ कधी सुरू झालं? करारात लिहिलेलं असेल की "तक्रार ठरलेल्या नंबरवर किंवा मेलवर आल्यावर वेळ सुरू", तर 6:20. हे लिहिलेलं नसेल तर क्लायंट 6:10 म्हणणार, आणि कोणी सकाळीच तोंडी सांगितलं होतं असंही निघणार. मेसेज आला की दहा मिनिटांत तिकीट नंबर आणि प्रायॉरिटी परत पाठवायची सवय लावा, त्यालाच दोघांचा पुरावा माना.

जागेवर पोचायची मुदत तीन तास, म्हणजे रात्री 9:20. आता बघा, हाच बिघाड सीझन नसताना झाला असता तर सपोर्ट 7 ला बंद, शनिवारी 40 मिनिटं मोजली गेली, उरलेले 2 तास 20 मिनिटं सोमवारी 10 पासून, म्हणजे मुदत सोमवारी दुपारी 12:20. एकच बिघाड, एकच तीन तास, आणि मुदतीत दीड दिवसाहून थोडा जास्तच फरक. क्लायंटला सही आधी हे उदाहरण तारीख-वार टाकून दाखवा, बरेच जण तिथंच सीझनचं जास्तीचं पॅकेज घेतात. अजून एक ओळ इथे लागते: "सीझनमध्ये वेळेत आलेल्या पी वनचं घड्याळ काम चालू होईपर्यंत थांबणार नाही." नाहीतर 9:20 ची मुदत चुकली आणि 10 वाजले की घड्याळ थांबलं, असा अर्थ काढता येतो आणि तो क्लायंटवर अन्याय आहे.

आपला माणूस भुसावळला दुसऱ्या पी वनवर अडकलेला, पोचला 11:05 ला. हे कारण दंड माफ होणाऱ्या सवलतीत बसत नाही, बसवूही नका, आपली माणसं कमी पडली तो आपला प्रश्न. उशीर 1 तास 45 मिनिटं. करारात "उशिराच्या प्रत्येक सुरू तासाला त्या महिन्याच्या फीच्या 2 टक्के" असेल तर दोन तास धरायचे, 4 टक्के, 15,000 वर 600 रुपये. फी म्हणजे जीएसटी सोडून आणि सीझनची रक्कम धरून, हेही लिहायचं. एसएसडी गेलेली निघाली, स्टँडबाय मशीन लावून 11:50 ला काट्याची स्लिप निघाली. काम चालू करायची मुदत सहा तासांची, म्हणजे 12:20, ती पाळली गेली, म्हणून दुसरा दंड नाही.

नवीन एसएसडीचं कोटेशन सोमवारी 11 ला पाठवलं, मालकांनी बुधवारी 4 ला हो म्हटलं. हे दोन दिवस कोणाचे? तिकीटवर "क्लायंटच्या मंजुरीसाठी थांबलं" असं स्टेटस टाकून त्याच वेळी मेसेज गेला असेल तर क्लायंटचे, मेसेज नसेल तर आपले. महिन्याच्या शेवटी आठवून लिहिलेल्या थांबण्याला कोणी मानत नाही, आणि मानूही नये.

दंडाला वर मर्यादा पाहिजेच. आम्ही एका तिकीटला 10 टक्के आणि पूर्ण महिन्याला 15 टक्के ठेवतो, म्हणजे ह्या जिनिंगला महिन्यात जास्तीत जास्त 2,250. काही खरेदीवाले स्वतःचा मसुदा आणतात, "24 तासांत दुरुस्त न झाल्यास दिवसाला 1,000 रुपये", मर्यादा नाही. त्या 24 तासांनंतर पार्ट सहा दिवस आला नाही तर 6,000, म्हणजे 12,000 च्या फीतली निम्मी गेली, आणि चूक तर आपली नव्हतीच. त्यांना शांतपणे सांगा की भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात कितीही मोठा आकडा लिहिला तरी कोर्ट त्या आकड्याच्या आत राहून वाजवी तेवढीच भरपाई देतं, त्यामुळे फुगवलेल्या आकड्याने त्यांचाही फायदा नाही. बिलातून आपोआप कापला जाणारा छोटा आकडा त्यांना प्रत्यक्ष मिळतो. "गाड्या परत गेल्या, भाव पडला" असं नुकसान अंगावर येऊ नये म्हणून "उशिरासाठी बिलातली ही वजावट हीच भरपाई" अशी ओळ टाका, पण त्यातून डेटा आपल्या हाताने उडाला असं प्रकरण वगळा, ते झाकणारा करार कुठला शहाणा मालक सही करेल? ही एक ओळ तरी वकिलाकडून बघून घ्या.

हिशोब असा: बिल अजून काढलेलं नसेल तर 15,000 मधून 600 वजा, 14,400 वर 18 टक्के जीएसटी 2,592, एकूण 16,992. बिल आधीच गेलं असेल तर क्रेडिट नोट, आणि ते आपल्या सीएला कळवायचं.

सवलतींची यादी छोटी ठेवा. महावितरणची लाईट गेली, इंटरनेटवाल्याची लाईन तुटली, मशीन वॉरंटीत कंपनीकडे गेलं, क्लायंटने जागा उघडून दिली नाही. बास. "इतर अपरिहार्य कारणे" लिहिलं की क्लायंटचा विश्वास जातो. लाईटचं कारण सांगायचं तर यूपीएसचा लॉग दाखवता आला पाहिजे. आणि जिनिंगला एक गोष्ट सवलतीत टाकू नका ती म्हणजे रुई. कॅबिनेट उघडलं की एसएमपीएसच्या पंख्यावर रुईचा पांढरा थर बसलेला असतो, बोटाने गादीसारखा उचलून निघतो, त्यात एप्रिल-मेचं आपल्याकडचं ऊन. ते साफ करणं आपलं कामच आहे, सीझनमध्ये महिन्याला एक व्हिजिट करारात लिहा आणि तारखेसह सही घ्या. व्हिजिट चुकली तर तापून बंद पडलेल्या मशीनला सवलत मागता येणार नाही, हेही त्याच ओळीत.

दंड एकतर्फी ठेवू नका. बिलाचे पैसे मुदतीत आले नाहीत तर त्या महिन्याची वजावट लागू नाही, असं लिहा. उद्यम नोंदणी करून ठेवा, एमएसएमईडी कायदा 2006 प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, उशीर झाला तर व्याज लागतं. क्लायंटलाही बाहेर पडायची वाट ठेवा: सलग तीन महिने वजावट झाली तर तीस दिवसांच्या नोटिशीवर करार संपवता येईल.

नवीन क्लायंटला पहिले तीन महिने दंड लावू नका, फक्त वेळा मोजा आणि दर महिन्याला एक पान द्या, किती तिकीटं आली, किती वेळेत पोचलो, घड्याळ कुठे थांबलं आणि का. त्या तीन पानांवर बसून दोघांनी तास पक्के करायचे. अमळनेरला चार तासात खरंच पोचतो का ते तिथेच दिसतं, आणि नसेल पोचत तर पाच लिहा, फी थोडी कमी घ्या.